आंबापोळी, फणसपोळी आणि ४३२ फोटो

कुडाळजवळ महिला बचत गटाचं एक लहानसं दुकान आहे. गटातल्या बायका आपापल्या घरी माल करतात, पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात भरतात, मेणबत्तीवर किंवा सीलरवर तोंड बंद करतात आणि दुकानात आणून देतात. काउंटरवर आळीपाळीनं कोणीतरी बसतं. नवीन मुलगी बसली की बिलात चुका होतात, कारण आंबापोळी आणि फणसपोळी पाकिटात सारख्याच दिसतात आणि दोन्हींचे दर वेगळे. नाचणीचं पीठ आणि कुळथाचं पीठ यांचंही तसंच. माझी आत्या या गटात आहे. तिनं विचारलं, "फोनचा कॅमेरा धरला की नाव कळेल असं काही करता येईल का?"

बारकोडचा विचार आधी केला होता. माल एका ठिकाणी भरला जात असता, तर मी स्टिकरच लावायला सांगितलं असतं आणि हे प्रकरण तिथंच संपलं असतं. पण इथं पाकिटं चौदा घरांत भरली जातात आणि चुकीचं स्टिकर लागणं ही तीच चूक दुसऱ्या जागी होणं आहे. म्हणून फोटोवरून ओळखायचं ठरलं. प्रकार आठ: आमसूल, आंबोशी, आंबापोळी, फणसपोळी, मालवणी खाजं, फणसाचे तळलेले गरे, नाचणीचं पीठ आणि कुळथाचं पीठ.

आठ प्रकारांसाठी हजारो फोटो काढणं कोणालाच शक्य नव्हतं. मे-जूनमध्ये, नवा माल होत असताना, बायकांनी घरोघरी ४३२ फोटो काढून पाठवले. प्रत्येक प्रकाराचे साधारण ५४. एवढ्याशा फोटोंवर शून्यापासून न्यूरल नेटवर्क शिकवता येत नाही. ते फोटो पाठ करून बसतं. इथं ट्रान्सफर लर्निंग कामाला येतं. दुसऱ्या कामावर आधीच शिकलेलं नेटवर्क घ्यायचं, त्याचा फोटो 'पाहणारा' भाग जसाच्या तसा ठेवायचा आणि शेवटचा 'नाव सांगणारा' थर तेवढा आपल्या मालासाठी नव्यानं शिकवायचा.

मी मोबाइलनेट व्ही२ घेतलं. गूगलनं २०१८ मध्ये काढलेलं हे नेटवर्क फोनवर चालण्याइतकं हलकं आहे. इमेजनेट या नाव लावलेल्या फोटोंच्या संग्रहातल्या सुमारे १२ लाख ८० हजार फोटोंवर ते १,००० प्रकार ओळखायला शिकलेलं आहे. त्या हजारांत आमसूल नाही, पण त्याची गरजही नाही. कडा, पोत, चकाकी, सुरकुत्या, रंगांची सरमिसळ हे सगळं पाहायला ते शिकलेलं असतं आणि तेच आपल्याला उसनं हवं असतं. वरचा थर काढला की प्रत्येक फोटोमागे ते १,२८० आकड्यांची एक यादी देतं. त्या यादीवरून आठांपैकी एक नाव निवडणारा थर म्हणजे १,२८० गुणिले ८ अधिक ८, एकूण १०,२४८ आकडे. शिकवायचं ते एवढंच. खालचे साडेबावीस लाख आकडे गोठवलेले राहतात.

```python
base = tf.keras.applications.MobileNetV2(
    input_shape=(224, 224, 3), include_top=False, weights="imagenet")
base.trainable = False

inp = tf.keras.Input((224, 224, 3))
x = tf.keras.applications.mobilenet_v2.preprocess_input(inp)
x = base(x, training=False)
x = tf.keras.layers.GlobalAveragePooling2D()(x)
x = tf.keras.layers.Dropout(0.2)(x)
out = tf.keras.layers.Dense(8, activation="softmax")(x)
model = tf.keras.Model(inp, out)
```

साध्या लॅपटॉपवर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसताना, जुनं नेटवर्क आणि नवा थर मिळून झालेलं हे मॉडेल काही मिनिटांत शिकून झालं. फोटोंपैकी पाचवा हिस्सा, म्हणजे ८६ फोटो, मी तपासणीसाठी बाजूला ठेवले होते. त्यांतले ८३ बरोबर आले. ९६ टक्क्यांच्या वर. मी आत्याला फोन करून सांगितलं की काम झालं.

ऑक्टोबरात, दुकान पुन्हा भरल्यावर, मी फोन घेऊन गेलो. काउंटरवर ४० पाकिटं एकेक करून ठेवली, प्रत्येक प्रकाराची पाच. बरोबर उत्तरं आली २५. उरलेल्या पंधरांत आंबापोळीची पाचही पाकिटं होती. सगळ्यांना 'फणसपोळी' असं उत्तर आलं. मी दोन वेळा पाकीट सरळ करून पाहिलं. शेजारी बसलेल्या काकी म्हणाल्या, "अरे, ही जुनी आंबापोळी. पावसाळ्यानंतर अशीच काळी पडता." मे महिन्यात केशरी-पिवळी असलेली पोळी ऑक्टोबरपर्यंत तपकिरी झाली होती. जुनी, काळवंडलेली आंबापोळी मॉडेलनं एकदाही पाहिलेली नव्हती.

हे एक कारण झालं. पण त्यातून आंबापोळीच्या पाच चुकांचा हिशोब लागत होता, उरलेल्या दहांचा नाही.

सगळ्यात आधी मी एक साधी गोष्ट तपासली, कारण अशा कामात ती फार वेळा चुकते. लॅपटॉपवर मॉडेलला फोटो ज्या रूपात मिळतो, त्याच रूपात तो फोनवरही मिळतो का? मोबाइलनेट व्ही२ ला रंगाचे आकडे उणे १ ते अधिक १ या पट्ट्यात लागतात. फोनवरच्या कोडनं ते आधीच ० ते १ मध्ये बसवले आणि नंतर मॉडेलनं पुन्हा आपलं गणित केलं, तर उत्तरं बिघडतात आणि चूक झाल्याचा कुठलाही संदेश येत नाही. म्हणून काउंटरवरच्या चुकलेल्या फोटोंची तीच फाइल लॅपटॉपवर चालवली. दोन्हीकडे तेच नाव, जवळजवळ तेवढ्याच खात्रीनं. म्हणजे दोष तिथं नव्हता.

मग तपासणीच्या ८६ फोटोंकडे वळलो. ते मी यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले होते. बायकांनी मात्र एकेका पाकिटाचे सरासरी सहा फोटो काढले होते: समोरून, थोडं वाकवून, थोडं जवळून. ४३२ फोटो म्हणजे खरं तर ७२ पाकिटं. चिठ्ठ्या टाकल्यावर एकाच पाकिटाचे चार-पाच फोटो शिकवणीत गेले आणि उरलेला एखादा तपासणीत आला. मॉडेलला त्या पाकिटाचा चुरगळलेला कोपरा, सीलची वाकडी रेघ, आत अडकलेला हवेचा फुगा आधीच ठाऊक होता. ही परीक्षा नव्हती, पेपर आधीच फुटलेला होता.

फोटोंच्या नावांत पाकिटाचा क्रमांक नव्हता. वेळ आणि दिसणं यांवरून मी हातानं क्रमांक दिले. त्यात एक संध्याकाळ गेली. त्यानंतर वाटणी पाकिटांवरून केली, म्हणजे एका पाकिटाचे सगळे फोटो एकाच बाजूला राहतील:

```python
from sklearn.model_selection import StratifiedGroupKFold

sgkf = StratifiedGroupKFold(n_splits=5, shuffle=True, random_state=7)
train_idx, val_idx = next(sgkf.split(files, labels, groups=packet_id))
```

आता तपासणीत ८४ फोटो आले आणि त्यांतले ७४ बरोबर निघाले, म्हणजे ८८ टक्के. हा आकडा आधीपेक्षा प्रामाणिक होता, पण दुकानातल्या ४० पैकी २५ पासून अजूनही फार लांब होता. पाकिटं वेगळी करूनही कुठूनतरी उत्तर फुटत होतं.

ते कुठून फुटत होतं, हे मला एका फोटोनं दाखवलं. आत्याच्या घरी पडवीत लाल कोब्याची जमीन आहे. नाचणीचं पीठ तिच्याच घरी भरलं जातं आणि त्याचे जवळजवळ सगळे फोटो तिनं त्या जमिनीवर पाकीट ठेवून काढले होते. मी नुसत्या जमिनीचा फोटो घेतला. पाकीट नाही, काही नाही, फक्त लाल कोबा आणि कोपऱ्यात उन्हाची एक तिरीप. मॉडेल म्हणालं: नाचणीचं पीठ, खात्री १ पैकी ०.९७. मग कुळथाच्या पिठाचं पाकीट त्याच जमिनीवर ठेवलं. पुन्हा नाचणी. तेच पाकीट उचलून निळ्या मेणकापडाच्या टेबलावर ठेवलं, तर कुळीथ. कुळथाचं पीठ करणाऱ्या घरी टेबलावर निळं मेणकापड आहे. खाजं नेहमी स्टीलच्या थाळ्यात ठेवून टिपलेलं होतं. मॉडेल माल ओळखत नव्हतं, घरं ओळखत होतं.

हे किती खोल गेलंय ते मोजायला हवं होतं. मी प्रत्येक फोटोतला पाकिटाचा मधला भाग राखाडी रंगानं झाकला, फक्त कडेची पार्श्वभूमी ठेवली आणि त्यावरच तोच थर नव्यानं शिकवला. पाकीट दिसतच नसताना ८४ पैकी ६१ उत्तरं बरोबर आली. नुसत्या अंदाजानं दहा-अकरा आली असती. फोटो मोजके असले की ही तपासणी मी आता सुरुवातीलाच करतो, कारण अर्ध्या तासात ती सांगते की आपल्या फोटोंत उत्तराची गळती आहे की नाही.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पाकिटांची वाटणी चुकली होती, ती वेगळी वाटणी करून सुधारता आली. घरांचं तसं नव्हतं. एक प्रकार एकाच घरात टिपलेला असेल, तर कशीही वाटणी केली तरी प्रकार आणि घर एकमेकांपासून सुटत नाहीत. नाचणी म्हणजे लाल कोबा, हे फोटोंपुरतं खरंच होतं. मॉडेलनं सोपी खूण धरली, त्यात त्याचा दोष काही नाही. फोटो पुन्हा काढण्यावाचून इलाज नव्हता.

नोव्हेंबरात आम्ही दोन दिवस त्यासाठी दिले. ठरवलं असं की प्रत्येक प्रकार प्रत्येक जागी ठेवायचा. जागा चार घेतल्या: आत्याची पडवी, एका घरातला स्वयंपाकाचा ओटा, उन्हातलं अंगण आणि ट्यूबलाइटखालचं टेबल. दुकानाचा काउंटर मुद्दाम यांत घेतला नाही, तो शेवटच्या परीक्षेसाठी राखला. प्रत्येक जागी प्रत्येक प्रकाराची तीन वेगळी पाकिटं, प्रत्येकाचे दोनच फोटो. चार जागा, आठ प्रकार, तीन पाकिटं, दोन फोटो मिळून १९२. सहा फोटोंऐवजी दोनच काढल्यानं बायकांना आधी वाटलं की मी काम कमी करतोय. पण एकाच पाकिटाचा पाचवा-सहावा फोटो मॉडेलला जवळजवळ काहीच नवीन सांगत नाही. दुसऱ्या घरी, दुसऱ्या महिन्यात भरलेलं नवं पाकीट खूप काही सांगतं.

त्याच चार जागी रिकामे फोटोही काढले, प्रत्येकी दहा. कुठं नुसता ओटा, कुठं कोणाचा हात, कुठं लोणच्याची बरणी. यांचा नववा प्रकार केला, 'यातलं काही नाही'. आठच पर्याय असलेल्या मॉडेलला समोर काहीही धरलं तरी आठांतलंच एक नाव द्यावं लागतं, आणि ते कधीकधी पूर्ण खात्रीनं देतं. नुसत्या जमिनीला नाचणी म्हणणं त्यातूनच आलं होतं.

मे-जूनचे जुने फोटो टाकून देववेना, कारण ताज्या मालाचा रंग फक्त त्यांतच होता. पण ते तसेच घेतले असते तर कोबा आणि मेणकापड परत आले असते. म्हणून पाकिटाच्या कडेला लागून ते कापून घेतले आणि प्रत्येक पाकिटाचे दोनच ठेवले. ते झाले १४४. नवे १९२, जुने १४४, रिकामे ४०, एकूण ३७६. पहिल्यापेक्षा ५६ फोटो कमी.

शिकवताना फोटोंत मुद्दाम फेरफार करतात, म्हणजे फिरवणं, उलटवणं, उजेड कमी-जास्त करणं, जेणेकरून थोडक्या फोटोंतून जास्त विविधता मिळेल. पाकीट काउंटरवर कसंही पडतं, त्यामुळे पूर्ण गोल फिरवणं इथं योग्यच होतं. उजेडातला मध्यम बदलही ठेवला. रंगछटा बदलण्याचा फेरफार मात्र मी पहिल्या खेपेला सवयीनं चालू ठेवला होता, तो आता काढला. आंबापोळीचा केशरीपणा आणि फणसपोळीचा पिवळट तपकिरीपणा, नाचणीची तांबूस करडी छटा आणि कुळथाची फिकट तपकिरी, यांतल्या फरकावरच तर ओळख अवलंबून आहे. तो फेरफार चालू ठेवणं म्हणजे रंगाकडे लक्ष देऊ नकोस असं मॉडेलला शिकवणं. फेरफार निवडताना मालाकडे पाहून निवडायला हवेत. दुसऱ्याच्या कोडमधली यादी तशीच उचलली की असं होतं.

तपासणी आता जागेवरून केली. तीन जागांवर शिकवायचं, चौथ्या जागेवर तपासायचं, आणि हे आळीपाळीनं चार वेळा. १९२ पैकी १६५ बरोबर आले, म्हणजे ८६ टक्के. पहिल्या ९६ पेक्षा दहा टक्के कमी असलेला हा आकडा मला कितीतरी जास्त मोलाचा वाटला, कारण प्रत्येक उत्तर मॉडेलनं कधीही न पाहिलेल्या जागेवरचं आणि न पाहिलेल्या पाकिटाचं होतं.

पुढची पायरी म्हणून गोठवलेल्या नेटवर्कचे वरचे काही थर मोकळे करून पाहिले. त्याला फाइन-ट्यूनिंग म्हणतात. यात शिकण्याचा वेग फार कमी ठेवावा लागतो. मी `1e-5` ठेवला. नेहमीच्या `1e-3` नं चालवलं तर लाखो फोटोंवर जमलेली घडी थोड्या फेऱ्यांतच विस्कटते. वरच्या कोडमधलं `training=False` सुद्धा यासाठीच असतं. ते नसेल तर बॅच नॉर्मलायझेशनचे, म्हणजे मधले आकडे सरासरीच्या हिशोबानं एका पट्ट्यात आणणारे थर आपल्या इवल्याशा फोटोसंचावरून आपली सरासरी बदलू लागतात, आणि शिकवताना उत्तम दिसणारं मॉडेल वापरताना भरकटतं. सगळं काळजीनं करूनही १६५ चे १६८ झाले. १९२ फोटोंत तीनाचा फरक पाकिटांच्या निवडीनंसुद्धा पडतो. मी फाइन-ट्यूनिंग सोडून दिलं. तेवढा वेळ नवी पाकिटं टिपण्यात घालवला असता तर जास्त मिळालं असतं, असं माझं मत आहे.

शेवटची परीक्षा दुकानात झाली. काउंटरवर बसणाऱ्या बायकांनीच, आपापल्या फोननं, वेगवेगळ्या दिवशी ४८ नव्या पाकिटांचे दोन-दोन फोटो काढले. ते ९६ फोटो मी एकदाच वापरले, कारण त्यांच्यावर पाहून मॉडेल बदलत बसलं की तेही शिकवणीचेच होतात. ८४ बरोबर आले, म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के. जागेवरून केलेल्या तपासणीनं ८६ सांगितलं होतं, म्हणजे तपासणी आणि दुकान पहिल्यांदा एकमेकांशी जुळले. अर्थात ९६ फोटोंवरचा आकडा तसा ढिला असतो: खरा आकडा ८१ ते ९४ च्या दरम्यान कुठंही असू शकतो, आणि पाकिटं ४८ च आहेत हे धरलं तर पट्टा आणखी रुंद होतो. ८७ आणि ८९ मध्ये फरक आहे असं एवढ्या फोटोंवरून कोणी म्हणू नये.

चुकलेल्या बारांपैकी सात आंबापोळी-फणसपोळीतल्या होत्या, चार दोन पिठांतल्या आणि एक आमसूल-आंबोशीची. खाजं आणि गरे एकदाही चुकले नाहीत. हे पाहून आणखी फोटोंच्या मागे लागण्याऐवजी अॅपची पद्धत बदलली. मॉडेलची खात्री ०.८५ च्या वर असेल तर नाव सरळ बिलात जातं. त्याखाली असेल तर पडद्यावर दोन मोठी चित्रं येतात आणि बसलेली बाई त्यांतलं एक दाबते. ०.८५ ही रेघ चार जागांच्या तपासणीवरून ठरवली होती, दुकानातल्या फोटोंवरून नाही. दुकानातल्या ९६ पैकी ६१ सरळ बिलात गेले आणि त्यांतला एकच चुकला. उरलेल्या ३५ मध्ये ३३ वेळा बरोबर नाव त्या दोन चित्रांत होतं. पाकीट हातात असलं की वास आणि चिकटपणा यांवरून आंबा की फणस हे बाईला लगेच कळतं. तिला फक्त दोनच गोष्टी समोर हव्या असतात.

दोन चित्रांतून जे दाबलं जातं, तो फोटो आणि ते नाव फोनमध्ये साठतं. ते मी आपोआप शिकवणीत टाकत नाही. महिन्यातून एकदा आत्या ते चाळते, कारण गर्दीत चुकीचं चित्रही दाबलं जातं. नाव, पाकिटाचा क्रमांक आणि भरल्याचा महिना असे तीन रकाने ती वहीत लिहिते. दुकानातली परीक्षा हिवाळ्यातल्या मालावर झाली होती, त्यात ताजी केशरी आंबापोळी एकही नव्हती. म्हणून मेमध्ये नवा माल आला की प्रत्येक घरच्या पहिल्या दोन पाकिटांचे फोटो परीक्षेसाठी वेगळे राहतील, असं वहीच्या पहिल्या पानावर तिनं लिहून ठेवलं आहे.